सेटलमेंट रिपोर्टमधल्या एकतीस ओळी

माझ्या ताईचं मालवणच्या बाजारात छोटं दुकान आहे. आमसुलं, कोकम आगळ, मालवणी मसाला, काजू, कुळथाचं पीठ. भावोजी बोटीवर असतात, वर्षातले सात-आठ महिने समुद्रात. त्यामुळे दुकान म्हणजे ताईच. मी सावंतवाडीला शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं फोनवर माल मागवू लागली, तेव्हा ताईला वेबसाइट मीच करून दिली. कोणी सांगितलं नव्हतं. हौस होती, आणि बहिणीच्या दुकानाला आपला काही उपयोग व्हावा असंही वाटत होतं.

पार्सलं बांधायला ताईने एक मावशी ठेवली होती. आधी ती मासे विकायची. गुडघ्यांनी दगा दिल्यावर डोक्यावरची पाटी सुटली आणि ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसून बरण्यांना बबलरॅप गुंडाळू लागली. सातवीपर्यंत शिकलेली होती. अक्षर मोठं, गोल, एका ओळीत पाच-सहा शब्द मावतील असं. आगळाची बाटली ती अशी बांधायची की कुरिअरवाल्याने फेकली तरी फुटू नये. गिऱ्हाइकांच्या फोनलाही तीच उत्तर द्यायची, कारण ताई पुढच्या गल्ल्यावर असायची.

पहिल्या दिवशी मी तिला नियम सांगितला होता. "मावशी, कॉम्प्युटरवर ऑर्डरीसमोर 'पेड' दिसलं तरच पार्सल बांधायचं. 'पेंडिंग' असेल तर हात लावायचा नाही. कोणी मोबाइलवर पैसे भरल्याचा फोटो पाठवला तरी नाही. असले फोटो खोटे बनवता येतात."

"बरा, मास्तरांनू," ती म्हणाली होती.

पेंडिंग ऑर्डरी आमच्याकडे कायमच असत. लोक वेबसाइटवर येतात, दोन बाटल्या नि पाव किलो काजू निवडतात, पत्ता भरतात आणि पेमेंट गेटवेच्या, म्हणजे आमच्या वतीने ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीच्या, पानावर पैसे भरायची वेळ आली की निघून जातात. डेटाबेसमध्ये ती ऑर्डर तशीच पडून राहते. त्यात कुणाला काही वावगं वाटण्यासारखं नव्हतं.

दिवाळीनंतर मी वेबसाइट एका होस्टिंगवरून दुसऱ्या स्वस्त होस्टिंगवर हलवली. त्यात साइटच्या पत्त्याआधी www लावून टाकलं. जुन्या पत्त्यावर कोणी गेलं तर आपोआप नव्या पत्त्यावर यावं, अशी सोय केली. स्वतः एक ऑर्डर करून बघितली. पैसे भरले, ऑर्डर लगेच 'पेड' झाली. मी समाधानाने लॅपटॉप मिटला.

शिमग्याच्या आसपास एका दुपारी ताईचा फोन आला. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये डबा खात होतो.

"रे, माका एक बघान सांग," ती म्हणाली. आवाज दबका होता. "कुरिअरच्या बिलात पार्सला जास्त दिसतत. पेड ऑर्डरींपेक्षा वीस जास्त. आणि काजू नि आगळ पण तितक्याच प्रमाणात कमी आसा."

"मावशीला विचारलंस?"

"इचारलंय. सांगता, 'लोकांनी पैसे भरलेले होते, म्हणान धाडलंय.' तिणा एका वहीत लिवन ठेवलेला आसा सगळा. ऑर्डर नंबर, रक्कम, पिनकोड. मी बँकेचा पासबुक घेवन बसलंय. एक ऑर्डर बाराशे चाळीसची आसा. बाराशे चाळीस खंयच नाय रे. आटशे पन्नास नाय. एक पण रक्कम गावना नाय."

ताईने वहीतले वीस नंबर मला वाचून दाखवले. मी लॅपटॉप उघडला, डेटाबेसमध्ये ते वीसही नंबर टाकले. वीसच्या वीस पेंडिंग. ताई फोन धरून होती.

"पैसे आलेले नाहीत, ताई," मी सांगितलं.

"एकाचे पण नाय?"

"एकाचेही नाहीत."

एवढंच बोलणं झालं. घंटा वाजली आणि मी आठवीच्या वर्गावर गेलो.

संध्याकाळी ताईने मावशीला हिशेब करून घरी पाठवलं. तिच्यावर ओरडली नाही, पोलिसांचं नाव काढलं नाही. पण बाजारात कुणी विचारलं तेव्हा "माल बाहेर जात होता" एवढं ती बोलून गेली. तेवढं पुरेसं होतं. मालवणसारख्या गावात असा शब्द मासळीच्या लिलावापर्यंत पोचायला एक सकाळ लागते. मावशी जाताना म्हणाली होती, "गो, बँकेत परत एकदा बघ. मी माणसांशी बोललंय, ती खोटी नाय." आणि ताईने तिला पासबुक दाखवून म्हटलं होतं, "खंय आसत? तूच दाखय." मावशीने पासबुकावर बोट फिरवून पाहिलं, आणि तिलाही त्यात बाराशे चाळीस सापडले नाहीत. हे सगळं ताईने मला नंतर सांगितलं.

मे महिन्यात कुडाळच्या सीएंचा फोन आला. ताईचे हिशेब तेच बघतात. सावकाश बोलणारे गृहस्थ.

"सर, एक गोष्ट जुळत नाही," ते म्हणाले. "गेटवेकडून तुमच्या बँकेत आलेली रक्कम तुम्ही दिलेल्या ऑनलाइन विक्रीपेक्षा जास्त आहे."

"कमी म्हणायचंय का? ते कमिशन कापतात."

"तेच म्हणतोय. कमी असती तर मी फोनच केला नसता. कमिशन कापूनसुद्धा जास्त आहे. हे पैसे कुणाचे?"

फोन ठेवला. पैसे कुणाचे, हा प्रश्न मला कळला होता. पण तो कळला आहे हे मला कबूल करायचं नव्हतं.

रविवारी मालवणला गेलो. दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा ताई आणि मी मागच्या खोलीत बसलो. गेटवेच्या खात्यातून मी दिवाळीपासूनचे सगळे सेटलमेंट रिपोर्ट, म्हणजे बँकेत पडलेल्या प्रत्येक रकमेचे तपशील, उतरवून घेतले. ते मी तोवर एकदाही उघडले नव्हते. पैसे बँकेत येतात, मग रिपोर्ट कशाला बघायचा, असा माझा हिशेब होता.

ताईला मी पहिली गोष्ट दाखवली ती बाराशे चाळीसची. गिऱ्हाइकाने बाराशे चाळीस भरले की गेटवे त्यातले दोन टक्के ठेवतो, चोवीस रुपये ऐंशी पैसे. त्यावर अठरा टक्के जीएसटी, चार रुपये सेहेचाळीस पैसे. उरतात बाराशे दहा रुपये चौऱ्याहत्तर पैसे. तेही एकटे येत नाहीत. त्या दिवशीच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पैसे एकत्र करून, दोन कामाच्या दिवसांनी, एकच रक्कम बँकेत पडते. मधे कुणाला पैसे परत दिले असतील तर तेही त्यातूनच वळते होतात. पासबुकात दिसते ती ही मोट. कुणाचे किती, ते फक्त रिपोर्टात असतं.

"म्हणजे बाराशे चाळीस पासबुकात दिसूचेच नव्हते?" ताईने विचारलं.

"कधीच नाही."

"ह्या तू माका तेव्हा कित्याक नाय सांगलंस?"

मी पुढचा रिपोर्ट उघडला. तिने पासबुकात शोधलं असं ती मला फोनवर म्हणाली होती. तेव्हा सांगायला एक मिनिट लागलं असतं.

मग जुळवायला बसलो. रिपोर्टातली एकेक ओळ घ्यायची, त्यातला ऑर्डर नंबर डेटाबेसमध्ये शोधायचा, रक्कम ताडून बघायची. सुरुवातीला काहीच जुळेना. रिपोर्टातली रक्कम रुपयांत, माझ्या डेटाबेसमध्ये पैशांत. ते सारखं केलं. मग पहाटेच्या ऑर्डरींच्या तारखा एक दिवस मागे दिसू लागल्या, कारण सर्व्हरचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे होतं. तेही सारखं केलं. महिनाअखेरीचे पैसे पुढच्या महिन्यात सापडले. एका सेटलमेंटमध्ये सहाशे रुपये कमी होते, ते एका बाईंना परत दिलेले निघाले. दुसऱ्या एकात नऊशे कमी होते. कुणीतरी आपल्या बँकेत तक्रार केली होती की पैसे गेले, माल आला नाही. गेटवेने ते पैसे कापून घेतले होते आणि आम्हाला कळवलंही होतं, पण आम्हाला पत्ता नव्हता.

एकेक फरक असा मिटत गेला. मला वाटत होतं, मिटता मिटता सगळंच मिटेल. पण चार वाजता ताईने चहा आणला तेव्हा एकतीस ओळी उरल्या होत्या. एकतीस जणांनी पैसे भरलेले. गेटवेकडे पोचलेले, आमच्या बँकेत जमा झालेले. आणि आमच्या डेटाबेसमध्ये त्या एकतीसही ऑर्डरींसमोर 'पेंडिंग'.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. ऑर्डर 'पेड' व्हायला दोन वाटा होत्या. पैसे भरून गिऱ्हाईक वेबसाइटवर परत आलं की ती एक. आणि गिऱ्हाईक परत येवो न येवो, गेटवे स्वतः आमच्या सर्व्हरला निरोप पाठवतो, ती दुसरी. गेटवेकडे या निरोपासाठी मी जुना, www नसलेला पत्ता देऊन ठेवला होता. माणसाचा ब्राउझर जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपसूक जातो. गेटवेचा निरोप जात नाही. त्याला 'इथे नाही, तिथे जा' असं उत्तर मिळालं की तो निरोप पोचला नाही असंच धरतो. काही वेळा प्रयत्न करून गेटवेने निरोप पाठवणंच बंद केलं होतं. बंद करत आहोत अशी ईमेलही पाठवली होती, दुकानाच्या मेलबॉक्सवर. त्याचा पासवर्ड एकट्या माझ्याकडे होता. जाहिरातींच्या ढिगाऱ्यात ती न उघडलेली सापडली. नऊशेच्या तक्रारीची ईमेलही तिच्याच थोडी वर, तशीच न उघडलेली.

मी स्वतः ऑर्डर करून बघितली तेव्हा पैसे भरून शहाण्यासारखा वेबसाइटवर परत आलो होतो. बहुतेक लोक तसेच येतात. पण काहीजण, विशेषतः वयस्क माणसं, मोबाइलच्या ॲपमध्ये पैसे गेल्याची हिरवी खूण दिसली की मोबाइल ठेवून देतात. त्यांचं काम झालेलं असतं. अशा माणसांसाठीच तो निरोप असतो.

ताई उठली. फळीवरून मावशीची वही काढून माझ्यासमोर ठेवली.

वहीतले वीस नंबर मी एकतीस ओळींशी लावले. एकोणीस जुळले. पैशासकट, पिनकोडासकट. मावशीने माणसांशी फोनवर बोलून, आवाजावरून, पैसे भरल्याच्या फोटोवरून ठरवलं होतं की हे खरं बोलतायत, आणि एकोणीस वेळा ती बरोबर होती. एक नंबर मात्र कुठेच सापडेना. ते पैसे खरंच आले नव्हते. कुणीतरी तिला खोटा फोटो पाठवला होता.

"एक तरी खोटो निघालो मा?" ताई म्हणाली.

तिने ते का म्हटलं ते मला समजलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. मग तीच म्हणाली, "नको, माका काय सांगा नको," आणि कप उचलून आत गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. दोनच कप होते.

उरल्या बारा ओळी. पैसे भरलेले, पण वहीत नाहीत. त्यांना पार्सल गेलंच नव्हतं. पुढचे चार-पाच दिवस शाळा सुटल्यावर मी त्या बारा जणांना फोन करत होतो. माल पाठवू की पैसे परत करू, एवढंच विचारायचं होतं. एकजण मला दहा मिनिटं बोलला, आणि मी सगळं ऐकून घेतलं. एक बाई म्हणाल्या, "अहो, मी तर विसरूनच गेले होते." नऊशेवाल्याने फोन कापला. डोंबिवलीच्या एका आजोबांचा नंबर लागत नव्हता. चारशे ऐंशीची ऑर्डर, आगळाच्या दोन बाटल्या. पार्सल पाठवलं तर ते 'घर बंद' असा शिक्का घेऊन परत आलं. शेवटी मी गेटवेमधून पैसे परत केले. समोर 'प्रोसेस्ड' असं आलं. ते त्यांनी पाहिले का, त्यांना कळलं का कशाचे, हे कळायची काहीच सोय नव्हती.

मावशी तोवर मालवणात राहिली नव्हती. आरोंद्याला लेकीकडे गेली होती. सावंतवाडीहून आरोंदा लांब नाही. दोन-तीन आठवड्यांनी, एका रविवारी मी स्कूटर काढली. ताईला "येतेस का?" म्हणून विचारलं होतं. "तू जा आधी," ती म्हणाली. तिने तीन महिन्यांचा पगार पाकिटात घालून दिला होता.

खाडीच्या काठाला, माडांखाली लेकीचं घर. मावशी अंगणातल्या खळ्यात बसून सुंगटं, म्हणजे कोलंबी, सोलत होती. मला बघून उठायला लागली, गुडघ्यावर हात ठेवून.

"बस, मावशी, बस."

"मास्तरांनू! बसा. पाणी आण गो," तिने आत हाक दिली.

मी सगळं सांगितलं. निरोप, पत्ता, पासबुक, एकोणीस ओळी. सोपं करून सांगायचा प्रयत्न केला. पण मधेच लक्षात आलं, मी यंत्राबद्दल बोलतोय कारण माझ्याबद्दल बोलायला जमत नाहीये. म्हणून थांबलो आणि म्हटलं, "चूक माझी होती. तू खरं बोलत होतीस."

ती सुंगटं सोलत राहिली. "माका म्हायत होता मी खरा बोलतंय ता," ती म्हणाली. रागाने नाही. "तुमका आता कळला, बरा झाला."

"एक फोटो तेवढा खोटा निघाला."

"खंयचो?"

मी रक्कम सांगितली. ती हसली. "तो ठाण्याचो. लय गोड बोलत होतो. माका तेव्हाच वाटलेला." मग हसू थांबवून तिने विचारलं, "आणि तो डोंबिवलीचो म्हातारो? तेका आगळ पोचला?"

"ते तुला कसे ठाऊक?" मी विचारलं.

"ताईन माका एकदा पेंडिंग पार्सल बांधताना बघल्यान नि दम दिल्यान. शिमग्याच्या आधी," ती सांगू लागली. "मास्तरांनी सांगल्यानी पेंडिंग धाडूक नको, तरी कित्याक धाडतंस म्हणान. त्याच दिवशी तेचो फोन इलो. तेका फोटो काढूक येय नाय. म्हणालो, 'बाई, पैसे गेले आहेत हो माझे.' तीनदा फोन केल्यान. मी सांगलंय, कॉम्प्युटरात नाय दिसणा. तुमचा ऐकलंय आणि नाय धाडलंय. तेवढा एकच माझ्या मनाक लागान ऱ्हवला."

"पैसे परत केले त्यांचे," मी म्हणालो.

"पैशांचा नाय इचारूक. बोललास तेच्याकडे?"

"फोन लागत नाही, मावशी. पार्सलही परत आलं. घर बंद आहे."

हातातलं सुंगट तिने दोनदा धुतलं.

मी पाकीट पुढे केलं. तिने विचारलं, कसले. मी म्हटलं, तीन महिन्यांचे. "मी काम करूक नाय तीन महिने," ती म्हणाली आणि पाकीट माझ्याच बाजूला सरकवलं. परत ये म्हटलं तर म्हणाली, "खंय? बाजारात? थयसर मी दिसलंय तर लोक काय म्हणतत, ता तुमच्या रिपोर्टात येता काय?" मग तिला वाटलं असावं की आपण फार बोललो. तिने मला जेवून जायचा आग्रह केला. सुंगटांचं सुकं होतं. मी जेवलो. नाही म्हणायचा धीर झाला नाही. तिची लेक वाढताना माझ्याकडे एकदाही बघत नव्हती.

ताई नंतर दोनदा आरोंद्याला गेली. पहिल्यांदा मावशी घरी नव्हती. दुसऱ्यांदा भेटली, दोघी बराच वेळ बोलल्या, बहुतेक गुडघ्यांबद्दल. ताई बाजारात जिच्या जिच्याकडे 'माल बाहेर जात होता' असं बोलली होती, तिला तिला जाऊन तिने खरं सांगितलं. त्यातल्या दोघींना आधीचं आठवतच नव्हतं. बाकीच्यांनी ऐकून घेतलं. त्यातून काय झालं, आम्हाला सांगता येत नाही.

गेटवेच्या निरोपाचा पत्ता मी रिपोर्ट जुळवले त्याच रविवारी दुरुस्त केला होता. एक शब्द बदलायचा होता. आता एक प्रोग्राम रोज सकाळी प्रत्येक पेंडिंग ऑर्डरीबद्दल गेटवेला स्वतः विचारतो, पैसे आले का. आणि दर सोमवारी शाळेत जायच्या आधी मी सेटलमेंट रिपोर्ट उघडून ओळ न ओळ जुळवतो. सगळं जुळतं. पार्सलं आता ताई स्वतःच बांधते. तिच्याकडून आगळाच्या बाटल्या अधूनमधून फुटतात. डोंबिवलीचा नंबर मी महिन्यातून एकदा लावून बघतो. तो अजून लागत नाही.